फेनिटॉइन, यकृत आणि मायकेलिस-मेंटेन वक्ररेषा

काही वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत मेडशी येथील माझ्या दवाखान्यात एका शेतकरी गृहस्थास त्यांच्या पत्नीने हाताला धरून आणले. वय सुमारे चाळीस, वजन साठ किलो. चालताना पाय फाकलेले, तोल जाई तो कधी उजवीकडे तर कधी डावीकडे. बोलणे जड झालेले. मी काही विचारण्यापूर्वीच बाईंनी सांगून टाकले, "दारूच्या थेंबालेही हात नाई लावत जी हे, पण लोक काईबाई बोलून राह्यले." पायांची ती अवस्था पाहून माझे मन प्रथम वातव्याधीकडे गेले. जिव्हा साम होती, भूक मंदावलेली होती. तेव्हा आमपाचनार्थ त्रिकटु चूर्णाने आरंभ करावा, या बेताने मी लेखणी हातात घेतली होती. तेवढ्यात नेत्रपरीक्षा करताना दृष्टी बाजूला वळविली की दोन्ही बुबुळे थरथरत असल्याचे दिसले. पिशवीतील जुने कागद मागितले. गृहस्थ अनेक वर्षांपासून अपस्माराकरिता फेनिटॉइन रोज ३०० मिलिग्रॅम घेत होते. बावीस दिवसांपूर्वी एक झटका आल्यावर ती मात्रा ४०० करण्यात आली होती. अकोल्यास रक्त पाठविले. फेनिटॉइनची पातळी लिटरला ३४ मिलिग्रॅम निघाली. उपचारास योग्य अशी पातळी १० ते २० मानतात आणि या गृहस्थांची जुनी पातळी कागदावर १० होती.

मात्रा एकतृतीयांशाने वाढली आणि पातळी साडेतीनपटीच्या जवळ गेली. शिवाय हा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी न दिसता तीन आठवड्यांनी दिसला. हे दोन्ही कसे घडले, याचे उत्तर आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत शरीरक्रियेच्या पुस्तकात पाहिलेल्या आणि परीक्षेनंतर विसरलेल्या एका आकृतीत आहे. ती मायकेलिस आणि मेंटेन यांची वक्ररेषा. प्रस्तुत लेखात तिचाच परिचय या रुग्णाच्या निमित्ताने करून द्यावयाचा आहे.

लिओनोर मायकेलिस हे बर्लिनमधील एका नगर-रुग्णालयात प्रयोगशाळा चालवीत असत आणि मॉड मेंटेन या कॅनडातून तेथे संशोधनासाठी गेलेल्या डॉक्टर होत्या. १९१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साध्या पदार्थावर होता. यीस्टपासून मिळणारे इन्व्हर्टेज नावाचे विकर उसाच्या साखरेचे विघटन करून तिच्यापासून ग्लुकोज व फ्रुक्टोज निर्माण करते. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळविते आणि विघटनानंतरचे मिश्रण डावीकडे. त्यामुळे प्रकाश किती फिरला हे मोजून किती साखर फुटली ते कळते. दोघांनी विकराचे प्रमाण कायम ठेवले, द्रावणाची आम्लता स्थिर राखली, साखरेचे प्रमाण मात्र दर खेपेस बदलले, आणि प्रत्येक वेळी विक्रियेचा केवळ आरंभीचा वेग मोजला. आरंभीचाच का, तर पुढे साखर संपत जाते, फुटलेले घटक साचतात आणि वेगाचे मोजमाप भलत्याच कारणांनी बिघडते.

निष्कर्ष असा आला. साखर अगदी थोडी असताना ती दुप्पट केली की वेगही जवळजवळ दुप्पट होतो. साखर वाढवीत गेले की वेग वाढतो खरा, परंतु प्रत्येक वेळची वाढ पूर्वीपेक्षा कमी. शेवटी साखर कितीही ओतली तरी वेगात नाव घेण्याजोगी वाढ होत नाही. आडव्या अक्षावर संहती, म्हणजे दर लिटरमधील द्रव्याचे प्रमाण, आणि उभ्या अक्षावर वेग मांडला तर रेषा आरंभी चढणीसारखी सरळ वर जाते, मग वाकते आणि पुढे पठारासारखी आडवी होऊ लागते.

कारण समजण्यासाठी सोयाबीनच्या हंगामातील आपल्या बाजार समितीचे आवार डोळ्यांपुढे आणावे. समजा दहा काटे आहेत आणि एक पोते तोलण्यास एक मिनिट लागते. सकाळी तुरळक गाड्या येतात तेव्हा काटे बहुतांशी रिकामे असतात. आले ते पोते लगेच तोलले जाते. दुप्पट माल आला तर दुप्पट तोलाई होते. दुपारी आवार भरले की दहाही काटे गुंततात आणि तासाला सहाशे पोती, ही मर्यादा येते. मग दारापाशी पन्नास गाड्या उभ्या असोत वा पाचशे, तोलाई सहाशेच. विकराचा प्रत्येक रेणू हा असा एक काटा आहे. द्रव्याचा रेणू त्याला येऊन चिकटतो, काही क्षण गुंतवून ठेवतो, रूपांतरित होऊन सुटतो आणि काटा पुढच्यासाठी मोकळा होतो. सर्व रेणू गुंतलेले असण्याच्या स्थितीस संपृक्ती म्हणावयाचे, आणि त्या स्थितीतील वेग तो कमाल वेग.

उपमा येथे थोडी तोकडी पडते, तेही सांगितले पाहिजे. बाजारात हमाल पोते उचलून नेमके रिकाम्या काट्यावर नेऊन टाकतो. द्रावणात असा हमाल नाही. रेणू दिशाहीन फिरत असतात आणि विकराची गाठ योगायोगानेच पडते. म्हणून गर्दी चांगली असतानाही काही काटे क्षणभर रिकामे राहतातच. संपृक्ती एकाएकी न होता हळूहळू जवळ येते, पण पूर्णत्वास पोहोचत नाही. वक्ररेषा कोपरा न करता वाकते ती यामुळे.

आता अर्धसंपृक्ती स्थिरांक. ज्या संहतीला निम्मे काटे गुंतलेले असतात, अर्थात वेग कमाल वेगाच्या बरोबर निम्मा असतो, ती संहती म्हणजे हा स्थिरांक. तो वेग नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. विद्यार्थ्यांची चूक बहुधा येथेच होते. तो आडव्या अक्षावरचा आकडा आहे आणि त्याचे एकक संहतीचे आहे. मायकेलिस व मेंटेन यांच्या प्रयोगात तो लिटरला सुमारे पावणेसहा ग्रॅम साखर इतका येतो. कमाल वेग Vmax, स्थिरांक Km, संहती [S] आणि वेग v अशी चिन्हे घेतल्यास सर्व वक्ररेषा एका ओळीत मावते:

v = Vmax × [S] / (Km + [S])

संहती Km पेक्षा फारच लहान असेल तर छेदातील [S] नगण्य ठरतो आणि वेग संहतीच्या प्रमाणात वाढतो; हा चढणीचा भाग. संहती फार मोठी असेल तर छेदातील Km नगण्य ठरतो, वरचा-खालचा [S] एकमेकांस छेदतात आणि उरतो फक्त Vmax; हे पठार. दोन्ही समान असतील तर उत्तर निम्मे.

या दोन राशी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. काटे दहाचे वीस केले तर कमाल वेग दुप्पट होतो. परंतु निम्मे काटे गुंतण्यास लागणारी गर्दी तीच राहते, कारण प्रत्येक काट्याचा स्वभाव बदललेला नाही. म्हणजे कमाल वेग विकराच्या प्रमाणावर अवलंबून आहे आणि अर्धसंपृक्ती स्थिरांक विकराच्या स्वभावावर. स्थिरांक लहान असेल तर ते विकर थोड्याशा द्रव्यानेही भरून जाते. त्यावरून विकराची त्या द्रव्याविषयीची ओढ अधिक असे पुष्कळदा म्हणतात, आणि ते सामान्यतः चालते. काटेकोरपणे मात्र त्यात चिकटण्याबरोबर रूपांतराच्या गतीचाही अंश मिसळलेला असतो. रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळाच आहे. औषधाची रक्तातील नित्य पातळी या स्थिरांकाच्या किती खाली किंवा किती वर आहे, हा तो प्रश्न.

बहुतेक औषधांच्या बाबतीत ती पातळी स्थिरांकाच्या पुष्कळ खाली असते. यकृतातील काटे रिकामे असतात, सर्व व्यवहार चढणीच्या भागात चालतो, मात्रा दुप्पट केली तर पातळी दुप्पट. आपल्या सर्वांच्या मनातील मात्रेचा हिशेब असाच सरळ रेषेचा असतो. फेनिटॉइन या नियमास अपवाद आहे. त्याचे रूपांतर यकृतातील मुख्यतः एका विकराकडून होते. आधुनिक ग्रंथांत त्याचे नाव सीवायपी-२-सी-९ असे आढळेल. प्रौढ व्यक्तीत फेनिटॉइनचा अर्धसंपृक्ती स्थिरांक सरासरीने लिटरला ४ मिलिग्रॅम आणि कमाल वेग दर किलो वजनास दिवसाला ७ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. उपचाराची पातळी १० ते २०, म्हणजे स्थिरांकाच्या अडीच ते पाचपट. वरील सूत्रात घालून पाहा. पातळी १० असताना निम्म्याहून कितीतरी अधिक, शेकडा ७१ काटे गुंतलेले आहेत; २० असताना शेकडा ८३. फेनिटॉइनचा रुग्ण बरा असतो तेव्हाही तो पठाराच्या कडेलाच राहत असतो.

मद्याचेही असेच आहे, आणि बाईंनी दारूचा उल्लेख केला म्हणून सांगतो. मद्याचे विघटन करणारे विकर अल्पशा मद्यानेच भरून जाते; म्हणून रक्तातील मद्य दर तासाला ठरावीक इतकेच उतरते, कितीही चिंचेचे पाणी पाजले तरी. त्या गृहस्थांची चाल मद्यप्यासारखी दिसत होती, पण रोग दुसऱ्याच विकराच्या तुंबण्याचा होता.

आता त्यांचाच हिशेब करू. वजन साठ किलो. म्हणून यकृताची कमाल क्षमता ६० गुणिले ७, दिवसाला ४२० मिलिग्रॅम. रोज ठरावीक मात्रा घेत राहिले असता काही काळाने जेवढे औषध शरीरात येते तेवढेच बाहेर पडू लागते. या स्थिरावस्थेत वेगाच्या जागी मात्रा लिहिता येते आणि सूत्र उलटे फिरविले की पातळी मिळते. Km ला मात्रेने गुणावे आणि कमाल क्षमतेतून मात्रा वजा करून उरणाऱ्या शिल्लक क्षमतेने भागावे. मात्रा ३०० असता शिल्लक १२०. चार त्रिक बाराशे भागिले १२० म्हणजे १०. त्यांच्या कागदावरील जुना आकडाही तोच होता. मात्रा ३५० केली तर शिल्लक ७० आणि पातळी २०. मात्रा ४०० केली तर शिल्लक केवळ २०, आणि पातळी ८०. मात्रा ४२० झाली की शिल्लक शून्य. पातळी कोठेही थांबणार नाही, ती रोज वाढतच जाईल.

पुन्हा एकदा या आकड्यांकडे पाहावे. २०० मिलिग्रॅम मात्रेला पातळी ३.६ येते. तेथून ३०० पर्यंत जाताना शंभराची वाढ पातळीस १० वर आणते. पुढच्या पन्नासात ती दुप्पट होते. त्यापुढील पन्नासात चौपट. प्रत्येक पायरी कागदावर सारखी दिसते. पण भागाकाराखालची शिल्लक आटत असते. मात्रा वाढविणाऱ्याचा हेतू चुकीचा नव्हता, रुग्णास खरोखरच झटका आला होता. शंभराची गोळी मात्र या रुग्णाच्या शिल्लक क्षमतेच्या मानाने फार मोठी होती.

उशीर का झाला, याचेही उत्तर याच सूत्रात आहे. ४०० ची मात्रा सुरू झाली त्या दिवशी यकृत ३०० बाहेर टाकत होते, १०० शरीरात उरत होते. साठ किलोच्या देहात फेनिटॉइन साधारण ३९ लिटर द्रवात विखुरल्यासारखे वागते, तेव्हा पातळी पहिल्या दिवशी अडीचाने वाढली. पातळी वाढली तसा विसर्गही थोडा वाढला. २० पातळीला यकृत ३५० टाकू लागले, उरणारे पन्नास. ३० पातळीला ३७०, उरणारे तीस. अशा रीतीने पातळी झपाट्याने सुरू होऊन संथपणे चढत राहते. दिवसवार हिशेब मांडला तर सहाव्या दिवसाच्या सुमारास २० ओलांडते, सोळाव्या दिवशी ३०, आणि बाविसाव्या दिवशी ३४ च्या आसपास पोहोचते. अकोल्याहून आलेला आकडा तोच होता. चढणे मात्र संपलेले नव्हते. त्या मात्रेवर स्थिरावस्थेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जाण्यास सात-आठ महिने लागले असते. ३०० च्या मात्रेला हेच काम आठवडाभरात होते आणि ३५० च्या मात्रेला तीन आठवड्यांत. येथे निदान फसते. मात्रा बदलून तीन आठवडे झालेले असतात, मधल्या काळात रुग्ण सर्दीसाठी, अंगदुखीसाठी कोणाकडे तरी गेलेला असतो, आणि दोष त्या नव्या औषधाला लागतो.

आता माझ्या हातातील लेखणीकडे वळतो. त्रिकटूतील मरिच व पिप्पली यांमध्ये पिपरीन असते. चंडीगढ येथील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फेनिटॉइन नित्य घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांना पिपरीनची २० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली, तरी रक्तातील फेनिटॉइन लक्षणीय वाढल्याचे आढळले. मिरीत पिपरीन शेकडा पाचच्या घरात असते हे धरले, तर २० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ४०० मिलिग्रॅम मिरी; आपल्या नित्याच्या चूर्णमात्रेत सहज मावणारी. या वाढीत शोषणाचा भाग असतो तसा विकरास अडविण्याचाही असू शकतो. विकर अडविले जाणे वक्ररेषेवर दोन प्रकारे दिसते. अडविणारे द्रव्य काट्यावर औषधाशी जागेसाठी भांडत असेल तर स्थिरांक वाढल्यासारखा दिसतो, कमाल वेग तोच राहतो. ते काटाच निकामी करीत असेल तर कमाल वेग घटतो.

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा का, ते उदाहरणाने पाहावे. कल्पना करा की कोणत्याही कारणाने यकृताची क्षमता केवळ एकदशांशाने, ४२० वरून ३७८ वर आली. रोज २०० घेणाऱ्या रुग्णाची पातळी ३.६ वरून ४.५ होईल, त्याला व वैद्याला काहीच जाणवणार नाही. रोज ३५० घेणाऱ्याची पातळी २० वरून ५० होईल. द्रव्य तेच, अनुपान तेच, विकराची घटही तीच. एकास काही नाही आणि दुसरा खाटेवर. म्हणून "मी अनेक अपस्मारी रुग्णांना हे चूर्ण दिले, कधी त्रास झाला नाही" हा अनुभव कितीही प्रामाणिक असला तरी, पुढच्या रुग्णाची फेनिटॉइनची मात्रा आणि वजन पाहिल्याशिवाय त्याचा आधार घेता येत नाही. क्षयरोगाच्या औषधांतील आयसोनियाझिड हेही फेनिटॉइनचे विघटन रोखते, आणि आपल्या भागात दोन्ही औषधे एकाच घरात, कधी एकाच रुग्णात आढळतात.

उलट दिशेचा धोका आपल्या शास्त्राशी अधिक जवळचा आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदीय कल्प आणि फेनिटॉइन यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. निमित्त होते दोन रुग्णांचे. फेनिटॉइनवर स्थिर असताना हा कल्प सुरू केल्यावर त्यांचे झटके पुन्हा उद्भवले होते. संशोधकांनी मग उंदरांवर प्रयोग केले. एकेकच मात्रा एकत्र दिली तेव्हा रक्तातील पातळी बदलली नाही, तरी फेनिटॉइनचा अपस्मारनाशक परिणाम कमी झाला. अनेक मात्रा एकत्र दिल्या तेव्हा परिणाम व पातळी दोन्ही घटले. त्यातील पहिला भाग आपल्या वक्ररेषेच्या कक्षेबाहेरचा आहे. पातळी न बदलता परिणाम बदलतो तेव्हा कारण यकृताच्या विकरात शोधून उपयोग नाही. दुसऱ्या भागाचे गांभीर्य मात्र वक्ररेषेवरून ताडता येते. क्षमता एकदशांशाने वाढून ४६२ झाली असे समजा. ३०० मात्रेवरील पातळी १० वरून साडेसातच्या खाली येते, आणि उंबरठ्यावर असलेल्या रुग्णास झटका येण्यास तेवढे पुरते. मेध्य म्हणून आपण सद्‌भावनेने दिलेले द्रव्य अपस्माराच्या रुग्णात असे वागू शकते, हे माझ्या मते प्रत्येक वैद्याच्या केसपेपरवर नोंदण्याजोगे आहे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. विकर म्हणजेच अग्नी, संपृक्ती म्हणजेच अग्निमांद्य, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्या नियतकालिकांतून वारंवार दिसतो. मी तो टाळला आहे. अग्नीची संकल्पना एका विकराच्या वक्ररेषेत बसत नाही आणि बसविली तर दोहोंचेही नुकसान होते.

हिशेबाच्या मर्यादाही आहेत. ४ आणि ७ हे सरासरीचे आकडे होत. व्यक्तिपरत्वे ते दुपटीने वा त्याहून अधिक बदलतात. काही व्यक्तींत हे विकर जन्मतःच मंद असते, त्यांना २०० मात्राही जड जाते. फेनिटॉइन सोडियमच्या १०० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष फेनिटॉइन ९२ असते. तो फरक वर सोडून दिला आहे. आणखी एक, जे आपल्या ग्रामीण भागात विसरता कामा नये. रक्तातील फेनिटॉइनपैकी शेकडा नव्वद अल्ब्युमिनला बांधलेले असते. कुपोषण, यकृतविकार वा वृक्कविकार यांमुळे अल्ब्युमिन घटलेले असेल तर एकूण पातळी १२ अशी निरुपद्रवी दिसते आणि मुक्त, कार्य करणारा अंश मात्र विषारी पातळीवर असतो. अशा रुग्णात कागदावरील आकड्यापेक्षा बुबुळांची थरथर आणि चाल यांवर विश्वास ठेवावा.

गृहस्थांना त्याच दिवशी अकोल्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले. फेनिटॉइन आपल्या अधिकारात एकाएकी बंद करू नये. सलग झटके येऊन जीव धोक्यात येतो. तज्ज्ञांनी आपल्या देखरेखीखाली दोन दिवस औषध थांबविले. ३४ पातळीला यकृत दिवसाला सुमारे ३७५ मिलिग्रॅम बाहेर टाकते, म्हणजे पातळी दिवसाला साडेनऊने उतरते. दोन दिवसांत ती पंधराच्या आसपास येणे अपेक्षित होते. नंतर त्यांनी एक दिवस ३०० आणि एक दिवस ३५०, म्हणजे सरासरी ३२५ ची मात्रा दिली. पन्नासची गोळी त्यासाठी उपयोगी पडते. पाच आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले, पातळी १४.

आता एकाच व्यक्तीच्या स्थिरावस्थेतील दोन जोड्या हाती आल्या होत्या: ३०० ला १० आणि ३२५ ला १४. एवढ्यावरून सरासरीचा आधार सोडून त्यांचे स्वतःचे दोन्ही आकडे काढता येतात. प्रत्येक मात्रेला तिच्या पातळीने भागावे: ३० आणि २३.२. मात्रांमधील फरक २५, भागाकारांतील फरक ६.८, पंचवीस भागिले ६.८ म्हणजे ३.७, हा त्यांचा अर्धसंपृक्ती स्थिरांक. त्याला ३० ने गुणून ३०० मिळवावे. सुमारे ४१०, हा त्यांचा कमाल वेग. हीच रीत मी प्रथम उतावळेपणाने ४०० आणि ३४ या जोडीवर वापरून पाहिली होती. त्यात स्थिरांक साडेपाच आणि कमाल वेग ४६४ आला, म्हणजे क्षमता आहे त्याहून पन्नासने अधिक. चूक गणिताची नव्हती. ३४ हा आकडा चढत असतानाच मध्ये पकडलेला होता, स्थिर झालेला नव्हता. आणि चढत्या पातळीवरून काढलेली क्षमता नेहमी खऱ्यापेक्षा मोठी दिसते. म्हणून मात्रा बदलल्यानंतर निदान तीन-चार आठवडे, पठाराजवळच्या रुग्णात त्याहूनही अधिक काळ, एका पातळीवरून निष्कर्ष काढू नये. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे सारखे आले तरच ती स्थिरावस्था धरावी.

गृहस्थ त्यानंतर ३२५ वरच आहेत. भूक मंद असल्याची तक्रार अधूनमधून करतात. त्यांना मी जिरे, धने आणि लंघन सांगतो, आणि त्यांच्या केसपेपरच्या माथ्यावर तांबड्या शाईने फेनिटॉइनची मात्रा व वजन लिहून ठेवले आहे.